१६ जीबी रॅमवर काही महिने काढल्यावर: ३२ कुणाला लागते, कुणाला नाही

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. लॅपटॉप साधाच, मधल्या भावातला: डीडीआर४ रॅमचे दोन स्लॉट, ५१२ जीबीची एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज ११. घेतला तेव्हा ८ जीबी रॅम होती. काम वाढलं तशी रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी ८ ची स्टिक बसवून १६ केली. त्या १६ वर मी खूश आहे, तरी परवा राजारामपुरीतल्या दुकानात मला ३२ घ्यायला लावत होते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

झालं असं. एका हार्डवेअरच्या होलसेल व्यापाऱ्याचं वार्षिक रिटर्न तयार करत होते. त्याचं वर्षभराचं खरेदी रजिस्टर आणि जीएसटीच्या पोर्टलवरून उतरवलेल्या, विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांच्या बारा महिन्यांच्या जीएसटीआर-२बी फायली एकाच एक्सेलमध्ये घेऊन बिलाला बिल जुळवायचं होतं. फॉर्म्युला खालपर्यंत ओढला आणि एक्सेलने पाटी दाखवली: There isn't enough memory to complete this action. खाली उपायही दिलेले होते, त्यातला एक: Adding memory to your device. दुकानदाराने तेवढीच ओळ वाचली आणि टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या आकड्यावर बोट ठेवलं. "हे बघा मॅडम, सत्तर टक्के भरलीया. बत्तीस टाका, परत बघायलाच नको."

हा टक्क्याचा आकडा बघून रॅम विकणं मला अजिबात पटत नाही, आणि माझा सगळा राग या सवयीवरच आहे. विंडोज रॅम मोकळी पडू देत नाही. तुम्ही रोज उघडता त्या प्रोग्रॅमचे भाग आणि उघडलेल्या फायली ती कॅशमध्ये ठेवते, ती जागा तर या टक्क्यात धरलेलीही नसते आणि लागली की लगेच मोकळी होते. शिवाय रॅम जास्त असेल तर चालू प्रोग्रॅमनाही हात आणखी सैल सोडते. त्यामुळे सत्तर टक्के म्हणजे मशीन अडचणीत आहे असा अर्थ होत नाही. खरी अडचण कळते ती दुसरीकडे, आणि ती मी ८ जीबीच्या काळात चांगली अनुभवली आहे.

तेव्हा महिन्याच्या २० तारखेला, म्हणजे जीएसटीचं ३बी रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, माझ्याकडे टॅली, तीन-चार एक्सेल फायली, क्रोमचे पंचवीस-तीस टॅब, व्हॉट्सॲप आणि पीडीएफ असं सगळं एकदम उघडं असायचं. एक्सेलवरून क्रोमवर गेलं की पान पांढरं पडायचं आणि मग हळूहळू भरायचं. परत एक्सेलवर आलं की तेच. Ctrl+Shift+Esc दाबून टास्क मॅनेजरच्या Performance मध्ये Memory बघितलं तर In use ७ जीबी आणि Committed १३.६ जीबी. In use म्हणजे प्रत्यक्ष वापरात असलेली रॅम, Committed म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून सिस्टिमकडून मागून ठेवलेली मेमरी. Committed रॅमपेक्षा इतकी जास्त झाली की उरलेलं काही दाबून म्हणजे कॉम्प्रेस करून आणि काही एसएसडीवरच्या पेज फाइलमध्ये ठेवावं लागतं. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमच्या जवळपास येत नाही, म्हणून ते पांढरं पान. जुनी फिरती हार्ड डिस्क असती तर मशीन जागीच बसलं असतं.

पण एकट्या Committed वरही जाऊ नका. प्रोग्रॅम मागून ठेवतात ती सगळी मेमरी वापरतातच असं नाही, त्यामुळे हा आकडा रॅमपेक्षा थोडा वर असूनही काम सुरळीत चालू शकतं. पक्की खूण Resource Monitor मध्ये दिसते. स्टार्टमध्ये `resmon` टाइप करायचं, Memory चा टॅब उघडायचा आणि Hard Faults/sec चा आलेख बघायचा. हवा असलेला भाग रॅममध्ये नाही, डिस्कवरून आणावा लागला, की तो एक हार्ड फॉल्ट. नवा प्रोग्रॅम उघडताना आलेख उसळतोच, ते सोडून द्या. सगळं आधीच उघडलेलं असताना नुसतं एका खिडकीवरून दुसरीवर गेल्यावर दर वेळी उसळी येत असेल तर रॅम खरोखर कमी पडते आहे. माझ्याकडे ८ वर नेमकं हेच व्हायचं.

१६ केल्यावर त्याच कामाला In use १०.८, Committed १३.९ आणि आलेख जवळजवळ सपाट. पांढरं पान गायब झालं. स्क्रोल करताना, दुसरा मॉनिटर जोडल्यावरही मशीन जास्त हलकं वाटायला लागलं, आणि त्याचं कारण निव्वळ जागा नव्हे. एक स्टिक असताना मेमरीचा एकच रस्ता चालू असतो. सारख्या दोन स्टिक बसवल्या की दोन रस्ते चालतात. डीडीआर४-३२०० ला एका रस्त्यावर सेकंदाला कागदोपत्री २५.६ जीबी जातात, दोनवर ५१.२. ज्या लॅपटॉपचं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं त्याला हा फरक लागतो. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण ८ वरून १६ वर गेल्यावर झालेला आनंद १६ वरून ३२ वर गेल्यावर परत मिळेल असं लोक धरून चालतात. दुसरा रस्ता एकदाच उघडतो.

शिवाय माझ्या मशीनला दोनच स्लॉट. ३२ करायची म्हणजे दोन्हीमध्ये १६-१६ च्या नव्या स्टिक, आणि काही महिन्यांपूर्वीच घेतलेली ८ ची स्टिक ड्रॉवरमध्ये. जुन्या स्टिकचे पैसे दुकानदार जवळजवळ धरतच नव्हता. मी म्हटलं, "आधी लावून दाखवा. फरक पडला तर आत्ता पैसे देते." ओळखीचा माणूस, त्याने बसवल्या.

व्यापाऱ्याची तीच फाइल, बाकी सगळं तसंच उघडं. वापर ४१ टक्क्यांवर आला, दुकानदाराचा चेहरा खुलला. In use मात्र १०.८ चा १२.९ झाला होता, म्हणजे सिस्टिमने मोकळी जागा बघून हात पसरले. Committed जिथल्या तिथे, १४.३. हार्ड फॉल्टचा आलेख १६ वरही सपाट होता, आताही सपाट. मग फॉर्म्युला खाली ओढला आणि तीच पाटी परत आली. जवळजवळ एकोणीस जीबी मोकळी असताना एक्सेल म्हणतं मेमरी पुरत नाही!

टास्क मॅनेजरच्या Processes मध्ये उत्तर होतं. एक्सेलच्या नावापुढे 32 bit लिहिलेलं, आणि ते जवळपास तीन जीबीवर अडकलेलं. ३२ बिटच्या प्रोग्रॅमला मेमरीतल्या जागांचे पत्तेच मोजके असतात: ६४ बिट विंडोजवर जास्तीत जास्त ४ जीबीचे, आणि त्यात प्रोग्रॅम स्वतः, ॲड-इन, उघडलेल्या सगळ्या फायली हे सगळं बसवायचं. प्रत्यक्षात चारच्या अलीकडेच तो हात टेकतो. त्या मशीनमध्ये ६४ जीबी रॅम घातली असती तरी एक्सेलला तिथपर्यंत पोचता आलं नसतं. गंमत अशी की त्याच पाटीवर Using a 64-bit version हाही उपाय लिहिलेला होता, आणि तो रॅमच्या उपायाच्या वर होता.

स्टिक काढायला लावल्या आणि घरी आले. तुमचं ऑफिस कुठलं आहे ते एक्सेलमध्ये File, मग Account, मग About Excel उघडलं की पहिल्या ओळीत दिसतं. ३२ चं ६४ थेट करता येत नाही. जुनं काढून टाकायचं आणि त्याच लायसन्सवर ६४ बिटचं परत बसवायचं. पैसे लागले नाहीत, पण त्रास झाला. टॅलीतून डेटा ओढणारं एक जुनं ३२ बिटचं ॲड-इन बंद पडलं, आणि एका सहकाऱ्याने पूर्वी लिहून दिलेला मॅक्रो अडला. ज्या मॅक्रोत विंडोजची फंक्शन Declare करून बोलावलेली असतात तिथे PtrSafe हा शब्द घालावा लागतो आणि पॉइंटर असलेले Long बदलून LongPtr करावे लागतात. तो दुरुस्त झाला. ॲड-इनचं काम आता मी टॅलीतून एक्सपोर्ट करून भागवते. तुमचं सगळं ऑफिस अशा जुन्या ॲड-इनवर चालत असेल तर आधी एका मशीनवर करून बघा.

त्यानंतर ती फाइल १६ जीबीवरच पूर्ण झाली. एक्सेल साडेचार जीबीच्या पुढे गेलं, In use तेराच्या आसपास. हिशोब व्हायला वेळ लागलाच, पण तेव्हा आकडा चढला होता तो सीपीयूचा. लाखभर ओळींवर लुकअप चालताना वेळ प्रोसेसरचा जातो, तिथे रॅम वाढवून काही होत नाही. ए:ए असे अख्खे कॉलम दिलेले फॉर्म्युले लागतील तेवढ्याच ओळींपर्यंत आणले, तर त्या वेळेतही बरीच बचत झाली. आणि शेवटच्या तारखेला पोर्टल फिरत राहतं ते त्यांच्या सर्व्हरमुळे. त्यासाठी कुणी रॅम विकत असेल तर सरळ उठून यावं.

इथपर्यंत आल्यावर ३२ जीबी म्हणजे पैसे वाया, असं माझं मत झालं होतं. ते शिरोलीच्या एका फाउंड्रीत डिझाइनला असलेल्या माझ्या मावसभावाने बदललं. तो पॅटर्नची थ्रीडी मॉडेलं आणि कास्टिंगचं सिम्युलेशन करतो. त्याच्या १६ जीबीच्या मशीनवर `resmon` लावून बसलो. Committed २७ जीबी, आणि सिम्युलेशन चालू असताना हार्ड फॉल्टचा आलेख खाली यायलाच तयार नाही. त्याचं सॉफ्टवेअर ६४ बिटचं, मॉडेलचा अख्खा जाळीदार डेटा ते एकदम रॅममध्ये मागतं. त्याला ३२ लागतेच, आणि मोठं कास्टिंग असेल तर तीही कमी पडेल. व्हर्च्युअल मशीन चालवणारे किंवा फोरके व्हिडिओ कापणारे त्याच गटातले.

उलट टोकाला माझी आई. तिचा लॅपटॉप ८ जीबीचा, त्यात यूट्यूब, बँक, फोटो आणि नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल. In use पाचच्या आसपास, आलेख शांत. तिला १६ करून दिली असती तर आकडे बदलले असते, तिला कळलं काहीच नसतं. ४ जीबी मात्र आज कुणालाच सुचवणार नाही. विंडोज ११ ची किमान अट तेवढी आहे हे खरं, पण ब्राउझर उघडल्यावर तिथे उरतं काय?

नवा लॅपटॉप घेताना माझ्यासारख्या कामाला मी १६ सांगेन, आणि खरेदीआधी एक गोष्ट नक्की विचारेन: रॅम स्लॉटमध्ये आहे की बोर्डावर सोल्डर केलेली? हल्ली बऱ्याच पातळ मॉडेलमध्ये ती सोल्डर असते, नंतर वाढवता येत नाही, मग ८ घेऊन पुढे बघू म्हणता येत नाही. स्लॉट असतील तर किती आणि रिकामे किती, हे डेमो मशीनवर त्याच Memory च्या पानावर Slots used मध्ये दिसतं. आणि डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये डीडीआर५ बसत नाही, खाचच वेगळी असते, त्यामुळे ओळखीच्याकडून जुनी स्टिक घेणार असाल तर आधी हे जुळवून बघा.