एकच चुंबन, दोन अर्थ: ‘गीतरत्न’ रब्बींचे आणि चर्चचे

बायबलमधल्या ‘गीतरत्न’ या प्रेमकाव्यात उघड शृंगार आहे आणि देवाचा उल्लेख जवळजवळ नाहीच. तरी ज्यू धर्मगुरू रब्बी अकिबांनी दुसऱ्या शतकात ठणकावून सांगितलं, की सगळं शास्त्र पवित्र, पण हे काव्य परमपवित्र. मेजवानीत ते लौकिक गाण्यासारखं आळवायलाही त्यांचा विरोध होता. रूपकाची वाट आधीच पडलेली होती: होशेय संदेष्ट्याने देव आणि इस्राएल यांना पती-पत्नी म्हटलं होतं, ख्रिस्ती प्रेषित पौलाच्या परंपरेत ख्रिस्त वर आणि मंडळी, म्हणजे चर्च, वधू झाली.

मग रब्बी आणि चर्च या दोघांत फरक कुठे? पहिलीच ओळ घ्या: त्याने आपल्या मुखाने माझी चुंबनं घ्यावीत.

रब्बींना त्यात सीनाय पर्वत दिसतो, जिथे देवाने इस्राएलला आज्ञा दिल्या. तिसऱ्या शतकातले रब्बी योहानान सांगतात, की देवदूत एकेक आज्ञा घेऊन प्रत्येक इस्राएलीपाशी गेला. ‘ही स्वीकारतोस?’ असं विचारून होकार मिळताच त्याने त्याचं चुंबन घेतलं. म्हणजे प्रेमाची घटना घडून गेलेली आहे, करार कायम आहे.

त्याच काळात, त्याच पॅलेस्टाइनमध्ये, कैसरियात ख्रिस्ती भाष्यकार ओरिगेन लिहीत होता. त्याची वधू म्हणते, देवदूत आणि संदेष्टे पुष्कळ आले, आता वराने स्वतः यावं. रब्बींचं वैभव त्याच्या लेखी नुसती पूर्वतयारी. शिवाय वधू म्हणजे एकट्या माणसाचा आत्माही, असं तो शिकवतो, आणि पुढे मठवासीयांनी हाच अर्थ उचलला.

योहानान आणि ओरिगेन एकमेकांना उत्तर देत असावेत, असं काही अभ्यासकांना वाटतं. मला ते पटतं.