वाळूवरची प्लेट टेस्ट: 15, 28 की 100?

प्लेट टेस्ट म्हणजे खड्ड्याच्या तळाशी लोखंडी प्लेट ठेवून तिच्यावर दाब वाढवत नेायचा आणि ती किती खचते ते मोजायचं. समजा पायाच्या पातळीवर वाळू आहे, 30 सेंटीमीटरच्या चौकोनी प्लेटवर चाचणी झाली आहे आणि फूटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, 2 मीटर बाय 2 मीटरचं करायचं आहे. प्लेटचे आकडे असे: दर चौरस मीटरला 10 टन दाबाला प्लेट 2 मिलिमीटर खचली, 20 टनांना 5, 30 टनांना 9 आणि 40 टनांना 16. साधारण 45 टनांवर आलेख एकदम खाली वळला, म्हणजे तिथे वाळूने हात टेकले. (आकडे समजावण्यासाठी घेतलेत, पण मध्यम घट्ट वाळूत असं काहीसं दिसतं.)

आता फूटिंगला किती दाब द्यायचा? या एकाच आलेखातून तीन उत्तरं काढली जातात.

साइटवर सर्वांत जास्त दिसतं ते पहिलं: 45 ला सुरक्षिततेसाठी 3 ने भागा, 15 टन. यात प्लेट आणि फूटिंग एकच वस्तू धरली जाते. धोका बहुधा नसतो, पण पैसा जमिनीत जातो. 100 टनांच्या कॉलमला 15 धरून 2.6 मीटरचं फूटिंग लागतं. खाली तिसऱ्या उत्तरात येणारे 28 धरले तर 1.9 मीटरचं पुरतं.

दुसरं उत्तर पुस्तकी आहे. वाळूची अंतिम वहनक्षमता, म्हणजे ती हात टेकते तो दाब, रुंदीच्या प्रमाणात वाढते, म्हणून 45 गुणिले 2 भागिले 0.3, म्हणजे 300 टन. त्याला 3 ने भागून 100. गणित बरोबर, पण प्रश्न चुकीचा. 100 टन दाबाला खालची वाळू कातरून फूटिंग कोसळेल का, एवढंच हे गणित सांगतं. किती खचेल हे नाही. शिवाय आकार वाढला की क्षमता प्रत्यक्षात तितक्या सरळ प्रमाणात वाढत नाही.

तिसरं उत्तर खचण्याचं. दाब तोच ठेवला तर रुंद फूटिंग प्लेटपेक्षा जास्त खचतं. वाळूसाठी वापरात असलेला नियम असा, S म्हणजे खचणं, B म्हणजे रुंदी मीटरमध्ये, f फूटिंगसाठी आणि p प्लेटसाठी:

```
Sf / Sp = [ Bf (Bp + 0.3) / (Bp (Bf + 0.3)) ]²
```

आपल्या आकड्यांनी कंसाची किंमत 1.2 भागिले 0.69, म्हणजे 1.74, आणि तिचा वर्ग सुमारे 3. फूटिंगला 25 मिलिमीटर खचू द्यायचं ठरवलं, तर प्लेट 8.3 मिलिमीटरच खचलेली हवी. आलेखावर 5 आणि 9 च्या मध्ये बघितलं की दाब मिळतो सुमारे 28 टन. पायांबद्दलचं भारतीय मानक आयएस 1904 वाळूवरच्या सुट्या फूटिंगला 50 मिलिमीटरपर्यंत जाऊ देतं. मी 25 धरतो, कारण शेजारच्या दोन कॉलममधला खचण्यातला फरक इमारतीला जास्त छळतो.

मग नेहमी 28 च घ्यायचे का? नाही. फूटिंग अर्ध्या मीटरचं असेल तर पारडं फिरतं. खचण्याचं गुणोत्तर फक्त 1.56 येतं, म्हणजे प्लेटला 16 मिलिमीटर चालतात आणि दाब 40 टन निघतो. कातरण्याच्या बाजूने मात्र 45 गुणिले 0.5 भागिले 0.3, म्हणजे 75, आणि 3 ने भागून 25. इथे 25 घ्यावे लागतील. दोन्ही गणितं करायची आणि लहान आकडा घ्यायचा. रुंद फूटिंगला खचणं आवरतं, अरुंदाला कातरणं.

या 28 वर सही करण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. 30 सेंटीमीटरच्या प्लेटचा दाब खाली जेमतेम अर्धा-पाऊण मीटर जाणवतो, 2 मीटरच्या फूटिंगचा 3 ते 4 मीटर. दोन मीटर खाली चिखलाचा थर असेल तर प्लेटला त्याचा पत्ता लागत नाही, फूटिंगला लागतो. म्हणून शेजारी एक बोअर घेऊन त्यात एसपीटीचे, म्हणजे ठोके मोजून जमिनीचा घट्टपणा दाखवणाऱ्या चाचणीचे, आकडे बघितल्याशिवाय प्लेट टेस्ट एकटी वापरू नये. वाळू सैल असेल तर हे गुणोत्तर 3 च्या बरंच वर गेल्याच्याही नोंदी आहेत.

दुसरी गोष्ट पाणी. किनाऱ्यावरच्या वाळूत मे महिन्यात कोरड्या खड्ड्यात चाचणी होते आणि पावसाळ्यात शेजारच्या विहिरीचं पाणी पायापर्यंत येतं. शिवाय ओलसर वाळूला तात्पुरती चिकटण असते, ती पाण्यात बुडाली की जाते. पाणी पायाच्या तळापर्यंत येणार असेल तर खचण्यावरून काढलेला दाब निम्मा करायची पद्धत आहे: 28 चे 14. मग त्याच 100 टनांना 2.7 मीटरचं फूटिंग लागतं, म्हणजे पहिल्या ढोबळ 15 पेक्षाही मोठं. तेव्हा विहिरीची पावसाळ्यातली पातळी शेजाऱ्याला विचारा, आणि चाचणीच्या अहवालात खड्ड्यात पाणी कुठे होतं ते लिहिलेलं नसेल तर तो अहवाल परत पाठवा.