डिजिटल मेगर, पावसाळाभर वापरून: गार्डची लीड बॉक्समध्ये का देत नाहीत?

इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजायचा, एक किलोव्होल्टचा, तीन सॉकेटचा हा डिजिटल मेगर मी उन्हाळ्याच्या शेवटी घेतला. ड्राइव्ह कमिशनिंगची कामं घेतो, त्यामुळे पावसाळाभर तो रोज हातात होता. रेंज वगैरे सगळ्यांना माहीत आहेत, त्या लिहीत बसत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही, कारण सर्व्हिसशी चाललेला वाद अजून मिटलेला नाही. पण एक गोष्ट आधीच सांगतो. यंत्रावर गार्डचं सॉकेट आहे, पैसे त्या सॉकेटचे घेतले आहेत आणि त्यात लावायची लीड मात्र वेगळी विकत घ्यावी लागते. याचा राग मला आजही आहे, आणि तो का आहे हे खालच्या कामावरून कळेल.

काम कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचं. गळीत हंगामाच्या तोंडावर रेक कॅरिअरला नवा ड्राइव्ह बसवायचा होता. मोटर जुनीच, ४५ किलोवॅटची, ४१५ व्होल्टची, ऑफ सीझनला रिवाइंड करून आणलेली. केबल आर्मर्ड, पॅनलपासून मोटरपर्यंत शंभर-सव्वाशे मीटर, तीही जुनी. ड्राइव्ह पॅनल वातानुकूलित खोलीत आणि मोटर उघड्या शेडमध्ये, जिथे चार महिने ओल आणि वर्षभर बगॅसचा भुसा.

पहिला नियम सगळ्यांना ठाऊक आहे, तरी साइटवर तोच मोडला जातो. मेगर मारायच्या आधी ड्राइव्हच्या आउटपुटच्या तिन्ही वायरी ड्राइव्हवरून काढून बाजूला घ्यायच्या. ब्रेकर ऑफ आहे म्हणून चालत नाही. ५०० व्होल्ट डीसी ड्राइव्हच्या आत गेलं तर आयजीबीटी, सर्ज अरेस्टर आणि फिल्टरचे कपॅसिटर यांच्यावर ताण येतो आणि आलेला आकडाही मोटरचा नसतो. मोटरमध्ये थर्मिस्टर असेल तर त्याच्या दोन्ही वायरी एकत्र करून अर्थला बांधायच्या. एन्कोडर असेल तर त्याचा प्लग काढायचा.

तसं करून पॅनलच्या बाजूने, मोटर जोडलेली असताना, ५०० व्होल्टवर एक मिनिटाला आकडा आला २.६ मेगाओम. तापमान पंचविसाच्या आसपास, सकाळची वेळ. इथे लगेच दोन तट पडले. रिवाइंडिंगवाला म्हणाला केबल गेली. कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागाचं म्हणणं, वाइंडिंग कच्चं राहिलं. मध्ये मी, आणि ड्राइव्ह चालू करायची तारीख डोक्यावर.

एकत्र घेतलेला आकडा कोणाचीच बाजू घेत नाही. केबल आणि मोटर मेगरला समांतर दिसतात, म्हणून जो कमजोर तोच आकडा ठरवतो आणि दुसरा त्याच्यामागे लपतो. मोटरच्या बॉक्समधून केबल सोडवली. मोटर एकटी ३८ मेगाओम, केबल एकटी २.८. पडताळून पाहा: ३८ गुणिले २.८, भागिले ४०.८, उत्तर २.६ येतं. म्हणजे मोजण्यात घोटाळा नव्हता, दोन्ही आकडे खरे होते. रिवाइंडिंगवाल्याचा चेहरा खुलला आणि स्टोअरमधून नव्या केबलची चौकशी सुरू झाली. नवी केबल, खोदाई, ट्रे, मजुरी, आणि वर हंगाम लांबणार.

पण मेगरचा आकडा फक्त इन्सुलेशनच्या आतून जाणारा करंट सांगत नाही. कोअरच्या टोकाला, लगपासून ग्लँडपर्यंत, इन्सुलेशनच्या पृष्ठभागावर ओल आणि धूळ बसली असेल तर तिथूनही करंट अर्थकडे सरकतो आणि मीटर दोघांची बेरीज दाखवतो. ५०० व्होल्टला २.८ मेगाओम म्हणजे साधारण १७९ मायक्रोअँपिअर. यातले किती आतून आणि किती वरवरून, हे दोन लीडनी कळतच नाही. त्यासाठी गार्ड.

उघडी तांब्याची तार घेऊन लाल कोअरच्या इन्सुलेशनवर, ग्लँडच्या जवळ, दोन-तीन वेढे घट्ट दिले आणि ती तार गार्डच्या सॉकेटला जोडली. लाइनची लीड लाल कोअरच्या तांब्याला, अर्थची लीड आर्मर आणि बाकीचे कोअर एकत्र बांधून त्यांना. पृष्ठभागावरून येणारा करंट आता वेढ्यातच अडतो आणि मीटरला बगल देऊन परत जातो. तो मोजला जात नाही. हे मी मोटरच्या बाजूने केलं, कारण ओल तिथे होती. पॅनलकडचं टोक कोरड्या खोलीत होतं. त्या टोकालाही घाण असेल तर वेढा तिथेही लागतो आणि मोकळ्या कोअरमधून ते गार्डला आणून जोडावं लागतं.

आकडा आला ९०० मेगाओम. तीच केबल, तेच मिनिट, फक्त एक तार वाढली. उरलेल्या दोन कोअरना पण तसंच.

म्हणजे केबल आतून चांगली होती. टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, कोअरवरचा काळा थर निघेपर्यंत. हॉट एअर ब्लोअरने सुकवलं, हीट श्रिंक चढवलं, ग्लँडची सील बदलली. मग गार्ड न लावता आकडा ६५० मेगाओम. नवी केबल मागवायचा विषय तिथेच संपला. पण ती लीड माझ्याकडे का होती? कारण मी वेगळे पैसे मोजून घेतली होती. ज्यांनी नाही घेतली, ते चांगली केबल खणून काढत असतील आणि त्यांना कळणारही नाही. म्हणून मी या एका लीडवर इतका अडून आहे.

गार्ड लावताना स्क्रीनवरच्या व्होल्टेजकडे लक्ष ठेवा. या वर्गाचे मेगर साधारण एक मिलिअँपिअर देतात. पृष्ठभागावरची गळती फारच जास्त असेल, म्हणजे अर्ध्या मेगाओमच्या खाली, तर आउटपुट ५०० व्होल्ट टिकत नाही आणि वरचा आकडा विश्वासाचा राहत नाही. हे यंत्र खरं व्होल्टेज दाखवतं, हा त्याचा मोठा गुण.

आता मोटरचे ३८ मेगाओम. इथे रिवाइंडिंगवाला खूष होता, मी नव्हतो. मोटरचा आकडा ४० अंशांवर आणूनच वाचायचा असतो, कारण तापमान दहा अंश वाढलं की इन्सुलेशन रेझिस्टन्स साधारण निम्मा होतो. ढोबळ सूत्र असं:

```
R40 = Rt × 0.5^((40 − T)/10)
```

पंचवीस अंशांना गुणक ०.३५ येतो, म्हणून ३८ चे झाले १३.४ मेगाओम. आयईईई ४३ या मानकाप्रमाणे एक किलोव्होल्टच्या खालच्या मोटरला ४० अंशांवर किमान ५ मेगाओम हवेत, म्हणजे पास. पण सकाळी पंचवीस अंशांना घेतलेले १२ मेगाओम पाहून कोणी सही करत असेल तर त्याचे ४.२ होतात आणि मोटर नापास ठरते. तसं होताना मी पाहिलं आहे. उलट, आत्ताच बंद केलेल्या गरम मोटरवर ६० अंशांना १२ आले तर ते ४८ मेगाओम असतात आणि काळजीचं कारण नसतं. साइटच्या रिपोर्टवर तापमानाचा रकाना रिकामा सोडला तर आकड्याला काही अर्थ उरत नाही.

पास असूनही रिवाइंड केलेल्या मोटरला १३ मला कमी वाटले. नवीन वार्निशवर इतके कमी याचा अर्थ बहुधा ओल. म्हणून मोटरचा स्पेस हीटर रात्रभर चालू ठेवला. हीटर लावल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत मेगरचा आकडा खाली जातो. तो जायलाच हवा, कारण वाइंडिंग तापतं आणि ओल अजून आतच असते. बरेच जण इथे घाबरून हीटर बंद करतात. थांबलं की आकडा खालून वळतो आणि वर चढतो. सकाळी ४५ अंशांना ६० मेगाओम होते, ४० अंशांवर आणले तर ८५. ही वाढ ओल गेल्याची खूण.

या मेगरबद्दल सुरुवातीला माझं मत चांगलं नव्हतं. डिजिटल आकडा सतत वर चढत राहतो आणि कोणता लिहायचा कळत नाही. फिरवायच्या हात मेगरची सुई बरी वाटायची. आता मत बदललं आहे. चढणारा आकडा ही चांगली खूण आहे, कारण सुरुवातीचा करंट केबलची कपॅसिटी भरण्यात आणि इन्सुलेशनच्या शोषणात जातो. त्या घाईच्या सेकंदांतला आकडा लिहायचा नाही, एक मिनिटाचाच लिहायचा. या यंत्रात एका मिनिटाचा टायमर आहे, बटण दाबून लॉक होतं, आणि सगळ्यांचे आकडे एकाच वेळेचे येतात. हा पैसे वसूल करणारा भाग. आकडा वर न चढता खाली-वर नाचत असेल, तर पृष्ठभागावर ओल आहे का ते आधी पाहा.

डिस्चार्ज आपोआप होतो आणि स्क्रीनवर व्होल्टेज उतरताना दिसतं, हे मला फार आवडलं. शंभर मीटर केबलने धरलेला चार्ज हाताला चांगलाच झटका देतो. तरी लीड काढण्याआधी कोअर अर्थला टेकवून ठेवतो, टेस्टच्या चौपट वेळ.

आता मर्यादा. वाइंडिंगच्या एकाच फेजमधले दोन वेढे आपसात शॉर्ट असतील तर मेगर ५०० मेगाओम दाखवेल आणि ड्राइव्ह पहिल्याच स्टार्टला ओव्हरकरंटवर ट्रिप होईल. ते काम सर्ज टेस्टचं. सहा टर्मिनलच्या मोटरवर फेज ते फेज पाहायचं असेल तर लिंक काढाव्या लागतात, नाहीतर वाइंडिंगमधूनच शून्य दिसतं.

तक्रारी. बॅटरी हजार व्होल्टवर लवकर उतरते, म्हणून रिचार्जेबल सेल वापरतो. आणि सर्व्हिस: लीडच्या मुळाशी वायर तुटली, आकडा कुठेही लावलं तरी रेंजच्या वर दाखवत होता. लीड एकमेकांना टेकवून शून्य येत नाही हे मी आधीच तपासलं होतं, त्यांना तसं सांगितलं, तरी सर्व्हिस सेंटरने बोर्ड बदलायचा एस्टिमेट पाठवला. मी नवी लीड विकत घेतली आणि यंत्र चालू झालं. लीडचे पैसे परत मागितले आहेत, उत्तर अजून नाही.

घेणार असाल तर घ्या, यंत्र चांगलं आहे. पण बिल करतानाच गार्डची लीड आणि लाइन-अर्थ लीडचा एक जादा सेट त्याच किमतीत मागून घ्या. विक्रेता कुरकुर करतो, पण शेवटी देतो.