रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये: सहा महिन्यांनंतरचा हिशेब

माझ्याकडे एका फ्लेक्सीकॅप म्युच्युअल फंडाची युनिट्स बरीच वर्षं रेग्युलर प्लॅनमध्ये होती. मार्चपासून ती टप्प्याटप्प्याने त्याच फंडाच्या डायरेक्ट प्लॅनमध्ये नेतोय. सध्या थोडी इकडे आणि थोडी तिकडे आहेत. त्यामुळे फंड तोच, शेअर तेच, फंड मॅनेजर तोच आणि फरक फक्त वितरकाच्या कमिशनचा, अशी तुलना मला आपोआप करता आली.

हे कमिशन कुठून जातं, ते आधी सांगतो. 2009 च्या ऑगस्टपर्यंत एंट्री लोड होता, म्हणजे गुंतवताना पैसे कापलेले दिसायचे. सेबीने तो बंद केला. 2018 मध्ये सुरुवातीला एकरकमी दिलं जाणारं कमिशनही बंद झालं, आणि आता मुख्य राहिलं ते ट्रेल कमिशन, म्हणजे गुंतवणूक राहील तोवर जात राहणारं. फंड कंपनी ते तुमच्याकडून वेगळं मागत नाही. योजनेच्या एकूण खर्चात, म्हणजे एक्सपेन्स रेशोमध्ये ते धरलेलं असतं, आणि हा खर्च रोज थोडा थोडा वजा करूनच संध्याकाळची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, जाहीर होते. दहा लाखांवर वर्षाला एक टक्का म्हणजे दिवसाला साधारण 27 रुपये. बाजार एका दिवसात त्याच्या शेकडो पट हलतो, म्हणून हे 27 रुपये कधी डोळ्यांत भरत नाहीत. आणि ते मोजले जातात आजच्या बाजारमूल्यावर. दहाचे वीस लाख झाले की तुम्ही नवा पैसा न घालताही कमिशन दुप्पट होतं. बाजार पडलेल्या वर्षातही ते जातच राहतं.

डायरेक्ट प्लॅन 1 जानेवारी 2013 पासून आहेत. त्यातून वितरकाला काहीच द्यायचं नसतं, म्हणून त्यांचा एक्सपेन्स रेशो तेवढा कमी असतो.

एक गैरसमज मला अजूनही भेटतो: “डायरेक्टची एनएव्ही जास्त आहे, म्हणजे तो महाग, युनिट्स कमी मिळतात.” जे फंड 2013 च्या आधीपासून होते, त्यांच्या दोन्ही प्लॅनच्या एनएव्ही तेव्हा जवळपास सारख्या होत्या. आज दिसणारं अंतर म्हणजे तेव्हापासून रेग्युलरमधून वजा होत गेलेला जादा खर्च. युनिट्स कमी मिळाली तरी प्रत्येक युनिट जास्त वेगाने वाढतं.

हा वेग तपासायची सोपी पद्धत आहे. डायरेक्टच्या एनएव्हीला रेग्युलरच्या एनएव्हीने भागायचं आणि काही महिन्यांनी पुन्हा भागायचं. माझ्या फंडात एप्रिलमध्ये 112.40 आणि 104.00 असे आकडे होते, म्हणजे गुणोत्तर 1.0808. ऑक्टोबरमध्ये 120.96 आणि 111.40, म्हणजे 1.0858. सहा महिन्यांत साधारण 0.47 टक्के, वर्षाला 0.94 टक्क्याच्या आसपास. बाजार वर जावो की खाली, गुणोत्तर वाढतच राहतं, म्हणून परताव्याच्या आकड्यांपेक्षा मला याच्यावर जास्त भरवसा वाटतो. अंतर कायम एकच राहत नाही. फंड कंपनी एक्सपेन्स रेशो बदलते तेव्हा तेही बदलतं.

दुसरा पुरावा घरीच येतो. 2016 पासून सहामाही एकत्रित स्टेटमेंटमध्ये, म्हणजे कॅसमध्ये, तुमच्या गुंतवणुकीवर वितरकाला प्रत्यक्ष किती रुपये दिले ते योजनेनुसार छापलेलं असतं. हा रकाना बहुतेक लोक वाचतच नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. मार्चअखेरच्या माझ्या स्टेटमेंटमध्ये या एका फंडासमोर सहा महिन्यांचे साधारण 4,700 रुपये होते. सप्टेंबरअखेरच्या स्टेटमेंटमध्ये, अर्ध्याहून जास्त रक्कम डायरेक्टला गेल्यावर, ते 2,100 च्या आसपास आले. गुणोत्तराने काढलेल्या टक्केवारीशी दोन्ही आकडे जुळतात.

आता खरी अवघड गोष्ट, ती म्हणजे बदल करणं. फोलिओवरून वितरकाचा एआरएन क्रमांक काढला की प्लॅन डायरेक्ट होतो, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. युनिट्स रेग्युलरमध्येच राहतात आणि खर्चही तोच लागतो. स्विच करावाच लागतो, आणि आयकराच्या दृष्टीने स्विच म्हणजे विक्री आणि नवी खरेदी.

मी आधी रेग्युलरची एसआयपी थांबवून डायरेक्टमध्ये नवी सुरू केली. गेल्या वर्षभरातल्या हप्त्यांना हात लावला नाही, कारण त्यावर माझ्या फंडात एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर काढल्याचं शुल्क आहे आणि नफ्यावर 20 टक्के अल्पमुदतीचा कर. वर्ष पूर्ण झालेली युनिट्स साधारण दहा लाखांची होती, त्यात नफा 3.2 लाख. सगळी एकदम हलवली असती तर 1.25 लाखांची सूट वजा जाता 1.95 लाखांवर साडेबारा टक्के, म्हणजे 24,375 रुपये कर आणि वर सेस.

ही 1.25 लाखांची सूट दर आर्थिक वर्षाला नव्याने मिळते. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जवळपास 1.2 लाख नफ्याची युनिट्स हलवली, एप्रिलमध्ये पुन्हा तेवढ्याच नफ्याची. उरलेली पुढच्या एप्रिलमध्ये हलवणार. त्यांच्यावर वर्षभर जादा खर्च जाईल, अंदाजे साडेतीन हजार, पण तो कराहून बराच कमी आहे. युनिट्स जुनी आधी याच क्रमाने विकली जातात, त्यामुळे पहिल्या टप्प्यात कमी युनिट्समध्येच नफ्याची मर्यादा भरते. किती युनिट्स हलवायची हे रकमेवरून न ठरवता कॅपिटल गेन स्टेटमेंट काढून ठरवा. त्याच वर्षी दुसरे शेअर किंवा इक्विटी फंड विकले असतील तर सूट त्या सगळ्यांना मिळून एकच आहे. बाकी स्टँप ड्युटी 0.005 टक्के, म्हणजे चार लाखांवर वीस रुपये.

खरेदी करताना योजनेचं पूर्ण नाव वाचा. काही बँकांच्या ॲपमध्ये समोर रेग्युलरच येतो. नावात Direct Plan हे शब्द नसतील तर थांबा.

तरीही सगळ्यांनी डायरेक्टमध्येच जावं असं माझं मत नाही. वडिलांची गुंतवणूक मी रेग्युलरमध्येच ठेवली आहे. त्यांचे वितरक घरी येतात, केवायसी अडकलं तर स्वतः फॉर्म भरून नेतात, आणि काका गेल्यावर काकूंच्या नावावर युनिट्स करून देण्यासाठी त्यांनी अनेक फेऱ्या मारल्या. बाजार पडला की वडील सगळं विकायला निघतात, तेव्हा त्यांना समजावणारेही तेच. त्या कामाचे वर्षाला किती रुपये जातात हे वडिलांना मी कॅसमधून दाखवलं आणि ते त्यांना रास्त वाटलं. माझ्या बाबतीत मात्र फंड निवडण्यापासून नॉमिनी बदलण्यापर्यंत सगळं मीच ऑनलाइन करत होतो.

लिक्विड फंडातली रक्कम मी अजून हलवलेली नाही, कारण तिथे दोन प्लॅनमधला फरक अगदी थोडा आहे. ईएलएसएस, म्हणजे करबचतीच्या फंडाच्या, प्रत्येक हप्त्याला तीन वर्षांचा स्वतंत्र लॉक-इन आहे, त्यामुळे ती युनिट्स जसजशी मोकळी होतील तसतशी मार्च-एप्रिलच्या याच हिशेबात बसवणार आहे.