सात वर्षांनी पन्नास लाख द्यायचेत: एफडी, सात वर्षांचा रोखा की नऊ वर्षांचा?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याची वाटणी झाली. थोरले भाऊ वाड्यातच राहणार आणि धाकटे पुण्याला. कागद झाला तो असा: थोरल्यांनी धाकट्यांना आजपासून बरोबर सात वर्षांनी, ३० जूनला, पन्नास लाख एकरकमी द्यायचे. मधे व्याज नाही, हप्ता नाही. थोरल्यांच्या हातात आत्ता एकतीस लाखांच्या आसपास आहेत. ते कुठे ठेवावेत यावर घरात तीन मतं पडली. मेहुणे म्हणाले, "एफडी करा आणि दरवर्षी फिरवत राहा." मुलाचं म्हणणं सात वर्षांचा सरकारी रोखा घ्यावा. माझं मत नऊ वर्षांच्या रोख्याचं पडलं, आणि ते ऐकून सगळ्यांनी माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघितलं. देणं सातव्या वर्षी, मग रोखा नवव्या वर्षी सुटणारा कशाला?

हिशेब सोपा राहावा म्हणून धरू की आज सगळीकडे ७ टक्के दर आहे, व्याज वर्षातून एकदाच मिळतं आणि कर नाही. (कराकडे नंतर येतो, कारण तो मोठा घास घेतो.) ७ टक्क्यांनी सात वर्षांत पन्नास लाख व्हायचे तर आज ३१.१४ लाख लागतात. दर तसाच राहिला तर पैसे कुठेही ठेवा, पन्नास होतीलच. प्रश्न दर हलले तर काय, हा आहे. समजा, पैसे गुंतवल्या गुंतवल्या दर ५ किंवा ९ टक्क्यांवर गेले आणि तिथेच राहिले. सातव्या वर्षी ३० जूनला हातात येणारी रक्कम, लाखांत, अशी:

| पर्याय | दर ५% | दर ७% | दर ९% |
|---|---|---|---|
| दरवर्षी फिरवलेली एफडी | ४४.६५ | ५०.०० | ५५.८८ |
| ७ वर्षांचा रोखा | ४८.८८ | ५०.०० | ५१.१९ |
| ९ वर्षांचा रोखा | ५०.०४ | ५०.०० | ५०.१० |
| २० वर्षांचा रोखा | ५४.७३ | ५०.०० | ४६.५३ |

फिरवत्या एफडीला दर उतरले की फटका बसतो, वीस वर्षांच्या रोख्याला दर चढले की. सात वर्षांचा रोखा मुदतीला अगदी जुळतो, तरीही दर उतरले तर एक लाख बारा हजारांच्या आसपास कमी पडतात. याचं कारण मुलाच्या लक्षात आलं नव्हतं. मुद्दल सातव्या वर्षी ठरल्याप्रमाणे परत येतं, पण दरवर्षीचं २.१८ लाख व्याज आधीच हाती येतं आणि ते पुन्हा गुंतवावं लागतं, ५ टक्क्यांनी. म्हणजे पैसे सरासरीनं सात वर्षांच्या आधीच परत येताहेत. किती आधी? प्रत्येक वर्षी येणाऱ्या रकमेला तिच्या आजच्या किमतीचं वजन देऊन वर्षांची सरासरी काढली तर सात वर्षांच्या या रोख्याची सरासरी ५.७७ वर्षं येते. यालाच ड्युरेशन म्हणतात. फ्रेडरिक मॅकॉले यांनी ते १९३८ मध्ये मांडलं.

नऊ वर्षांच्या रोख्याचं ड्युरेशन ६.९७, म्हणजे देण्याच्या तारखेला जवळजवळ चिकटलेलं. दर उतरले की त्याच्या व्याजावर कमी मिळतं, पण सातव्या वर्षी रोख्याची अजून दोन वर्षं शिल्लक असतात आणि ७ टक्के देणारा शंभर रुपयांचा कागद ५ टक्क्यांच्या बाजारात १०३.७२ रुपयांना विकला जातो. दर चढले तर उलट: कागद ९६.४८ ला जातो, पण सात वर्षांची व्याजं ९ टक्क्यांनी वाढलेली असतात. एका बाजूचं नुकसान दुसरी बाजू भरून काढते आणि दोन्हीकडे पन्नासच्या किंचित वरच राहतं. ब्रिटिश विमागणिती फ्रँक रेडिंग्टन यांनी १९५२ मध्ये विमा कंपन्यांच्या देण्यांसाठी हेच मांडलं आणि त्याला इम्युनायझेशन म्हटलं.

सरकारी रोखे खरं तर सहामाही व्याज देतात, त्यामुळे प्रत्यक्षात नऊ वर्षांच्या रोख्याचं ड्युरेशन सुमारे ६.८३ येतं. तुमच्या नजरेतल्या रोख्याचं तपासायचं तर एक्सेलमध्ये एक ओळ पुरते. आधी खरेदीची आणि सुटण्याची तारीख, मग कूपन म्हणजे रोख्याचा ठरलेला व्याजदर, बाजारातला परतावा, सहामाही म्हणून २ आणि महिना तीस दिवसांचा धरायला ४:

```
=DURATION(DATE(2026,6,30),DATE(2035,6,30),0.07,0.07,2,4)
```

इथं कोणी विचारेल, मग सात वर्षांची क्युम्युलेटिव्ह एफडी का नको? मधे व्याज नाही, शेवटी एकदम पैसे. रास्त प्रश्न आहे. हिशेबानं ती या देण्याला सगळ्यात नेमकी बसते, फिरवत्या एफडीचा धोका तिला नाही. अडचण बँकेची आहे. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच. शेवटी पन्नास लाख सुरक्षित हवेत तर दहा बँकांत दहा एफडी. एवढी धावपळ जमणार असेल, किंवा एखाद्या मोठ्या बँकेवर तुमचा पूर्ण भरवसा असेल, तर मी वाद घालणार नाही. देणं दहा लाखांचं असतं तर मीही दोन बँकांत एफडी करा असंच सांगितलं असतं.

व्याजाचे कूपन वेगळे काढलेले सरकारी रोखे, म्हणजे स्ट्रिप्स, हा दुसरा नेमका पर्याय. आपल्याकडे ते २०१० पासून आहेत. हव्या तारखेचा, हव्या रकमेचा स्ट्रिप मिळाला तर डोळे झाकून घ्यावा. पण बाजार मोठ्या संस्थांचा आहे, घरगुती रकमेला तारीख जुळवून मिळणं कठीण.

आता नऊ वर्षांच्या रोख्याची दुखणी. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून दहा हजारांपासून रोखा घेता येतो, घेणं अवघड नाही. विकणं थोडं आहे. सरकारी रोख्यांच्या बाजारात नेहमीचा सौदा पाच कोटींचा, आपले तीस लाख तिथे किरकोळीत मोडतात. ऐन ३० जूनच्या आठवड्यात विकायला निघालात तर गिऱ्हाईक भाव पाडून मागेल.

दुसरं दुखणं हळूहळू वाढतं, म्हणून फसवं आहे. एका वर्षात देणं एक वर्षानं जवळ येतं, पण रोख्याचं ड्युरेशन वर्षाला एकानं कमी होत नाही. पहिल्या वर्षाअखेर देण्याला सहा वर्षं उरतात आणि रोखा ६.३९ वर असतो. हातात आलेलं व्याज अल्पमुदतीत ठेवलं तर दोन्ही मिळून सरासरी सहाजवळ बसते. तेच व्याज पुन्हा त्याच रोख्यात घातलं की सगळी रक्कम ६.३९ वर जाते आणि जुळणी बिघडते. पुष्कळ लोक नेमकं हेच करतात. पण पुढे पुढे व्याज अल्पमुदतीत ठेवणंही पुरत नाही. पाचव्या वर्षाअखेर देण्याला दोन वर्षं उरलेली असतात आणि हातातली सगळी रक्कम, साठलेलं व्याज धरून, २.५८ वर असते. त्या वेळी दर एकदम चढले तर कागदाची किंमत पडेल आणि भरपाई करायला तेवढी वर्षं हाती नसतील. सात वर्षं दर ५ टक्के राहिले आणि शेवटच्या दिवशी ९ झाले, तर काहीच न करणाऱ्याच्या हातात ४७.७९ लाखच येतात.

म्हणून थोरल्यांना मी एवढंच सांगितलं, की वर्षातून एकदा, व्याज जमा झालं की, सगळ्या कागदांचं मिळून ड्युरेशन काढायचं आणि उरलेल्या वर्षांशी ताडायचं. फरक पाव वर्षापेक्षा जास्त दिसला तर लांबच्या रोख्याचा थोडा भाग विकून जवळचा कागद घ्यायचा. पाचव्या वर्षानंतर नऊ वर्षांचा रोखा थोडा थोडा सोडत ३० जूनच्या आधी सुटणाऱ्या रोख्यांत आणि ट्रेझरी बिलांत यायचं. शेवटच्या आठवड्यात विकायची वेळच येऊ द्यायची नाही.

मुलानं मधेच एक शक्कल काढली: काही पैसे एका वर्षाच्या कागदात, बाकीचे वीस वर्षांच्या, सरासरी सात आणता येईल. येईल, ४२ आणि ५८ टक्के विभागून. पण ही सरासरी तेव्हाच राखण करते जेव्हा सगळ्या मुदतींचे दर एकाच दिशेनं, सारखेच हलतात. जवळचे दर ५ वर उतरले आणि लांबचे ९ वर चढले, तर या जोडीतून सातव्या वर्षी ४४.४० लाखच निघतात. दोन्ही टोकांना एकदम मार. नऊ वर्षांच्या एकट्या रोख्यात पैसे देण्याच्या तारखेभोवतीच गोळा झालेले असतात, म्हणून असा वाकडा दर त्याला कमी लागतो. सरासरी जुळली म्हणजे झालं, असं नाही. पैसे तारखेच्या किती जवळ येतात तेही बघायचं.

आणि कर. सरकारी रोख्याचं व्याज तुमच्या उत्पन्नात मिळून करपात्र होतं. तीस टक्क्यांच्या टप्प्यात, उपकर धरून, ७ टक्क्यांतले हाती ४.८२ उरतात. या दरानं सात वर्षांत पन्नास लाख व्हायला आज ३१.१४ नाही, ३५.९७ लाख लागतात. शिवाय व्याज कापलं गेल्यामुळे मुद्दलाचं वजन वाढतं, नऊ वर्षांच्या रोख्याचं करोत्तर ड्युरेशन साडेसातवर जातं आणि बसतो तो आठ वर्षांच्या जरा पुढचा रोखा. एफडीलाही करातून सुटका नाही, क्युम्युलेटिव्ह असली तरी.

थोरल्यांचं पेन्शन लहान आहे, त्यामुळे त्यांचा कर इतका नाही. तरी एकतीस लाखांत भागेल असं मी सांगितलं नाही. आणखी दोन लाख बाजूला काढा म्हटलं, आणि ते नेमके किती लागतील ते दोघांच्या सीएकडून त्यांच्या टप्प्यानुसार काढून घ्या. धाकट्यांनाही एक फोन करायला लावला: पाचव्या वर्षी मुलीच्या लग्नासाठी पैसे आधी मागणार असाल तर आत्ताच सांगा, कारण मग रोखा नऊ वर्षांचा नाही, सहाच्या आसपासचा घ्यावा लागेल.