तेलाचा पैसा सोन्यात जातो का? रियाध, मॉस्को आणि आपला तोळा

"क्रूड चढलंय, आता अरब सोनं उचलणार, भाव जायच्या आत घेऊन टाका." सराफाच्या पेढीवर हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. ऐकायला पटतं. तेल महाग झालं की तेल विकणाऱ्यांकडे पैसा येतो, आणि पैसा आला की सोनं घेतलं जातं. पण या भरवशावर दोन-चार तोळ्यांचा निर्णय घेणार असाल, तर आधी दोन देशांचे हिशेब शेजारी ठेवून बघा.

पहिला सौदी अरेबिया. 1986 पासून एक डॉलर म्हणजे 3.75 रियाल हा दर तिथे बांधलेला आहे. तो टिकवायचा तर कोणी डॉलर मागितले की लगेच द्यावे लागतात. म्हणून तेलाचा जास्तीचा पैसा मुख्यतः अमेरिकी रोख्यांत, बँकांतल्या ठेवींत आणि परदेशी गुंतवणुकीत जातो. 2014 च्या ऑगस्टमध्ये त्यांची गंगाजळी सुमारे 737 अब्ज डॉलर होती. त्यानंतर तेल कोसळलं आणि तीनएक वर्षांत ती 500 अब्जांच्या आसपास आली. या सगळ्या काळात सौदीचं अधिकृत सोनं 323 टन होतं, तेवढंच राहिलं. सुगीत वाढलं नाही, दुष्काळात घटलं नाही. सराफाच्या वाक्यातले 'अरब' निदान या सरकारी तिजोरीत तरी सापडत नाहीत.

दुसरा रशिया, आणि इथे गोष्ट खरी गुंतागुंतीची आहे. 2014 मध्ये तेल 110 डॉलरवरून निम्म्यावर आलं, तेव्हा रशियाने सोनं घेणं थांबवायला हवं होतं. झालं उलट. कारण ते सोनं तेलाच्या डॉलरांनी घेतलं जातच नव्हतं. रशियाच्या खाणींतून वर्षाला 300 टनांच्या घरात सोनं निघतं. व्यापारी बँका ते खाणींकडून घेतात, मध्यवर्ती बँक त्यांच्याकडून रूबल मोजून घेते. डॉलर आटले तरी ही खरेदी अडत नाही. शिवाय अमेरिका-युरोपचे निर्बंध आल्यावर डॉलरपेक्षा स्वतःच्या तिजोरीतलं सोनं त्यांना सुरक्षित वाटू लागलं. 2013 च्या अखेरीस हजार टनांहून थोडं जास्त असलेलं सोनं 2020 च्या सुरुवातीला 2,300 टनांजवळ गेलं.

मग 2020 मध्ये तेल पुन्हा कोसळलं आणि 1 एप्रिलपासून याच मध्यवर्ती बँकेने खरेदी बंद केली. खाणींना निर्यातीची वाट मोकळी झाली, सोनं बाहेर जाऊ लागलं आणि देशाला डॉलर मिळू लागले. म्हणजे तेल पडण्याची घटना तीच, पण एकदा रशिया सोन्याचा मोठा गिऱ्हाईक होता आणि एकदा विकणारा.

व्हेनेझुएलाचं थोडक्यात सांगतो. त्यांची जवळजवळ सगळी परकीय कमाई तेलाची आणि डोक्यावर कर्ज. 2014 मध्ये 360 टनांच्या आसपास असलेलं सोनं त्यांनी गहाण टाकत, विकत 2018 पर्यंत निम्म्याच्याही खाली आणलं.

त्यामुळे "तेल वर की खाली" एवढ्यावरून सोन्याची मागणी सांगता येत नाही. चलन डॉलरला बांधलंय का, घरच्या खाणी आहेत का आणि देणी किती तुंबलीत, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

आपल्या खरेदीला मात्र क्रूडचा चटका बसतो, तो वेगळ्या वाटेने. महाग तेलाचं आयातीचं बिल डॉलरमध्ये फेडताना रुपया दबतो. 2022 चं उदाहरण घ्या. मार्चमध्ये ब्रेंट क्रूड 120 डॉलरच्या वर गेलं आणि सोनं औंसाला 2,050 डॉलरच्या आसपास पोचलं. पुढे तेल कित्येक महिने महागच राहिलं, पण अमेरिकेत व्याजदर चढू लागले, व्याज न देणारं सोनं मागे पडलं आणि सप्टेंबरअखेर ते 1,650 च्या खाली आलं. डॉलरमध्ये ही घसरण साधारण 20 टक्के. इथे तेवढी दिसली का? नाही. रुपया 76 वरून साडेएक्याऐंशीच्या आसपास घसरला होता आणि आयातीचं बिल आवरायला सरकारने जुलैत सोन्यावरचं आयात शुल्क 10.75 वरून 15 टक्के केलं होतं. दोन्ही धरून हिशेब केला तर रुपयातली घसरण जेमतेम 10 टक्क्यांवर येते. अर्धी उतरण रुपयाने आणि शुल्काने खाल्ली.

म्हणून माझं मत असं. दोन वर्षांनी मुलीचं लग्न आहे आणि पगार रुपयात आहे, तर दर महिन्याला थोडं थोडं घेत राहा. महाग क्रूडमुळे रुपया घसरण्याचा धोका त्याने थोडा सावरला जातो. मात्र क्रूडची बातमी वाचून एकदम सगळं उचलू नका. दुबई-मस्कतला नोकरी असेल तर तेवढीही घाई नको. दिरहम आणि ओमानी रियाल दोन्ही डॉलरला बांधलेले आहेत, त्यामुळे रुपया घसरला तरी तुमच्या पगारात येणारं सोनं कमी होत नाही. तुम्ही क्रूडपेक्षा अमेरिकी व्याजदराकडे लक्ष ठेवा.