शिरोलीचे २५ हजार की कागलचे २२ हजार?

माझ्या भाच्याला एकाच आठवड्यात दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत महिना २५,००० आणि दरवर्षी ६ टक्के वाढ. कागलच्या पंचतारांकित वसाहतीत २२,००० आणि ९ टक्के. घरचे सगळे शिरोलीच्या बाजूनं होते. मी बरीच वर्षं पगारपत्रकं केली आहेत, म्हणून त्याला घेऊन वही उघडली.

पगार दुप्पट कधी होईल, असं विचारलं की लोक १०० ला ९ नं भागून ११ वर्षं सांगतात. पण वाढ दर वेळी आधी वाढलेल्या पगारावर लागते. कागलची पहिली वाढ १,९८० रुपयांची, तर आठवी ३,६२० ची. म्हणून ७२ ला टक्क्यांनी भागायचं: शिरोलीला १२ वर्षं, कागलला ८. हा ठोकताळा आहे. आठव्या वाढीनंतर कागलचा पगार ४३,८३६ होतो, दुपटीला १६४ रुपये कमी. पगार वर्षातून एकदाच वाढतो, त्यामुळे ४४,००० नवव्या वाढीलाच ओलांडतात. शिरोलीचा पगार बाराव्या वाढीला ५०,३०५ होतो.

पण दुप्पट कशाची, हेही बघायला हवं. इथे सुरुवातच वेगळी आहे. चौथ्या वाढीनंतरही शिरोलीचे ३१,५६२ आणि कागलचे ३१,०५५. पाचव्या वाढीला कागल पुढं जातं, ३३,४५६ ला ३३,८५०. तरी आधीच्या वर्षांत कमी मिळालेले पैसे भरून निघायचे असतात. नऊ वर्षांची सगळी कमाई जोडली, तर कागल अजून सुमारे दहा हजारांनी मागंच राहतं. दहाव्या वर्षात ते पुढं जातं. चार-पाच वर्षांत पुण्याला जायचा विचार असेल, तर कागलच्या ९ टक्क्यांचा काही उपयोग नाही.

मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. हे ९ टक्के कशावर? समजा २२,००० पैकी ११,००० बेसिक आहे, बाकीचे भत्ते ठरलेल्या रकमेचे आहेत आणि वाढ फक्त बेसिकवर आहे. मग पहिली वाढ ९९० रुपयांची, म्हणजे एकूण पगारावर साडेचार टक्के. आठ वाढींनंतर हातात ३२,९१८. तेव्हा शिरोलीचा पगार ३९,८४६ असेल. दुप्पट व्हायला बेसिक तिप्पट व्हावं लागतं आणि त्याला तेरा वाढी लागतात. तोंडी सांगताना हा फरक कुणी काढत नाही. तिथं काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या लागोपाठच्या दोन वर्षांच्या, वाढ लागल्यानंतरच्या स्लिपा शेजारी ठेवल्या, की कुठली ओळ वाढली आणि कुठली तशीच राहिली ते लगेच दिसतं.

कागलचं पत्र अजून यायचं आहे. त्यात ‘एकूण पगारावर ९ टक्के’ असं लिहून आलं आणि भाच्याची दहा वर्षांहून जास्त टिकायची तयारी असली, तर मी कागल म्हणेन. नाहीतर शिरोलीच.